मागचं चाक जमिनीला मागे रेटतं, पुढचं पुढे: घर्षणाची दिशा आणि घसरण्याची मर्यादा

प्रश्न: बाइक वेग घेत असताना मागच्या चाकावर घर्षण पुढच्या दिशेने असतं आणि पुढच्या चाकावर मागच्या दिशेने, असं क्लासमध्ये सांगितलं. दोन्ही चाकं एकाच बाजूला फिरतात, मग दिशा उलट कशी? आणि नागपूरच्या पावसाळ्यात चिखलात नेहमी मागचंच चाक जागच्या जागी का फिरतं? μN ची मर्यादा तर दोन्ही चाकांना आहे ना? (इंजिनीअरिंग, पहिलं वर्ष)

उत्तर:

चाक कोणत्या बाजूला फिरतंय यावरून घर्षणाची दिशा ठरत नाही. गाडी कुठे चालली आहे यावरूनही ठरत नाही. जमिनीला टेकलेला टायरचा बिंदू, घर्षण अजिबात नसतं तर, कुठे सरकला असता एवढंच पाहायचं. घर्षण त्या सरकण्याच्या विरुद्ध लागतं. बहुतेक गोंधळ हा नियम "घर्षण गतीच्या विरुद्ध असतं" असा अर्धवट लक्षात राहिल्यामुळे होतो. विरोध गाडीच्या गतीला नसतो, दोन पृष्ठभागांच्या एकमेकांवरून सरकण्याला असतो.

आता दोन्ही चाकांखालची जमीन मनातल्या मनात पूर्ण गुळगुळीत करा. मागच्या चाकाला चेनमधून टॉर्क मिळतो. घर्षण नसेल तर गाडी जागेवर राहील आणि चाक गरगर फिरेल. पुढे जाणाऱ्या गाडीचं चाक असं फिरतं की त्याचा वरचा भाग पुढे येतो आणि खालचा मागे जातो. म्हणजे टेकलेला बिंदू मागे सरकू पाहतो, म्हणून जमीन त्याला पुढे ढकलते. पुढच्या चाकाला मात्र चेन नाही. त्याला फक्त फोर्कमधून, ॲक्सलवर, पुढे ढकललं जातं. घर्षण नसेल तर ते न फिरताच पुढे घसरत जाईल, टेकलेला बिंदूही त्याच्यासोबत पुढे सरकेल. म्हणून तिथे जमीन मागे ढकलते.

हेच चाकाच्या बाजूने पाहिलं तर आणखी स्पष्ट होतं. पुढच्या चाकाला फिरवणारं दुसरं काहीच नाही. ॲक्सलवरचं बल केंद्रातून जातं, वजन केंद्रातून जातं, जमिनीची उभी प्रतिक्रियाही केंद्रातूनच जाते, त्यामुळे यातलं कोणतंही बल चाकाला गिरकी देऊ शकत नाही. गाडीचा वेग वाढतोय म्हणजे पुढच्या चाकाचं फिरणंही वाढलं पाहिजे, आणि ते वाढवण्याचं काम एकट्या घर्षणावर पडतं. तळाशी मागच्या दिशेने लागलेलं बलच चाकाला योग्य बाजूला फिरवू शकतं. मागच्या चाकाचं उलटं आहे. तिथे फिरवण्याचं काम टॉर्क करतो आणि घर्षण त्या फिरण्याला अडवतं. ते अडवताना लागलेलं पुढचं बल हेच अख्ख्या गाडीला पुढे नेणारं बल असतं. इंजिन गाडीला थेट ढकलत नाही. ते चाकाकरवी जमिनीला मागे रेटतं आणि जमीन गाडीला पुढे रेटते.

डोळ्यांनी पाहायचं असेल तर फरशीवर तीन-चार गोल पेन्सिली समांतर ठेवा आणि त्यांवर हलका पुठ्ठा ठेवा. बॅटरीवर चालणाऱ्या खेळण्यातल्या गाडीची चालवणारी चाकं पुठ्ठ्यावर टेकवून बटण दाबा, पुठ्ठा मागे पळेल. मग बटण बंद करून मोकळी फिरणारी चाकं पुठ्ठ्यावर ठेवा आणि गाडी हाताने झटकन पुढे ओढा. आता पुठ्ठा गाडीच्याच दिशेने थोडा पुढे सरकेल. जमिनीवर चाक जे बल लावतं तेच पुठ्ठ्याच्या सरकण्यातून दिसतं, आणि चाकावरचं घर्षण त्याच्या उलट.

दिशा झाली. आता मर्यादा. इथे पहिली चूक अशी होते की घर्षण म्हणजे μN असं लिहून लगेच आकडा टाकला जातो. न घसरता फिरणाऱ्या चाकावरचं घर्षण स्थितिक असतं, आणि स्थितिक घर्षण गरजेपुरतंच लागतं. μN ही त्याची कमाल आहे, किंमत नव्हे. म्हणून मर्यादा दोन्ही चाकांना सारखी असली तरी त्या मर्यादेपैकी किती भाग वापरला जातो हे प्रत्येक चाकाचं वेगळं असतं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे.

एकच चाक घेऊन दोन्ही तऱ्हा करून पाहू. ६ किलो वस्तुमानाची भरीव तबकडी, त्रिज्या ०.३ मीटर. तिचं जडत्व आघूर्ण वस्तुमान गुणिले त्रिज्येचा वर्ग याच्या निम्मं, म्हणजे ०.२७ किलो-मीटर². स्थितिक घर्षणांक ०.३ आणि गतिज ०.२५ धरू. वजन ५८.८ न्यूटन, म्हणून घर्षण जास्तीत जास्त १७.६ न्यूटन मिळू शकतं.

पहिली तऱ्हा: तबकडीला केंद्रातून ३० न्यूटनने ओढलं. घसरत नाही असं आधी गृहीत धरायचं. घर्षण मागे आहे, म्हणून

```
P - f = m a
f R   = I (a / R)
```

दुसऱ्या ओळीतून घर्षण बरोबर I a / R², म्हणजे भरीव तबकडीसाठी ma/2. पहिल्या ओळीत ते घातलं की त्वरण ३.३३ मी/से² आणि घर्षण १० न्यूटन येतं. १० हे १७.६ पेक्षा कमी, म्हणून गृहीतक टिकलं. चाक नीट फिरत जाईल.

दुसरी तऱ्हा: त्याच तबकडीला ओढायचं नाही, केंद्रावर ९ न्यूटन-मीटरचा टॉर्क द्यायचा. ९ भागिले ०.३ म्हणजे कडेवर ३० न्यूटनच, तुलना सरळ राहावी म्हणून. आता घर्षण पुढे आहे आणि पुढे नेणारं बल तेवढंच एक आहे:

```
f       = m a
T - f R = I (a / R)
```

सोडवल्यावर त्वरण पुन्हा ३.३३ मी/से² येतं, पण त्यासाठी लागणारं घर्षण २० न्यूटन. जमीन १७.६ च्या वर देऊ शकत नाही. म्हणजे तीच तबकडी, तीच जमीन, तेवढंच त्वरण मागितलेलं, तरी ओढल्यावर ती न घसरता फिरते आणि टॉर्क दिल्यावर घसरते.

कारण पाहा. ओढलेल्या चाकात घर्षणाला फक्त चाकाला गिरकी देण्यापुरतं काम असतं, पुढे नेण्याचं काम बाहेरचं बल करतं. चालवलेल्या चाकात पुढे नेण्याचं सगळं काम घर्षणाला करावं लागतं. त्यामुळे चालवलेल्या सुट्या चाकाचं त्वरण μg च्या वर कधीच जात नाही, चाक भरीव असो की नुसतं कडं. इथे ते २.९४ मी/से², आणि न घसरता देता येणारा टॉर्क ७.९ न्यूटन-मीटर. ओढलेल्या तबकडीला मात्र 2μg पर्यंत, म्हणजे ५.८८ मी/से² पर्यंत नेता येतं. त्यासाठी ५२.९ न्यूटन बल लागेल आणि तोवर ती घसरणार नाही. ओढलेल्या चाकाची मर्यादा आकारावर अवलंबून असते. सगळं वस्तुमान कडेला असलेलं कडं फिरवायला सर्वांत अवघड, म्हणून त्याची मर्यादा μg वरच येऊन थांबते.

घसरायला लागल्यावर समीकरणं बदलतात आणि परीक्षेत गुण इथे जातात. घसरणाऱ्या चाकाला a = αR लागू होत नाही. घर्षणाची किंमत आता माहीत असते, गतिज घर्षणांक गुणिले उभी प्रतिक्रिया, आणि त्वरण व कोनीय त्वरण वेगवेगळे काढायचे. वरच्या टॉर्कच्या उदाहरणात घर्षण १४.७ न्यूटन, केंद्राचं त्वरण २.४५ मी/से². कोनीय त्वरण ९ मधून ४.४१ वजा करून ०.२७ ने भागलं की १७ रेडियन/से², म्हणजे कडेचं त्वरण ५.१ मी/से². दोन सेकंदांनी केंद्र ताशी सुमारे १८ किमीने पुढे जात असेल आणि कड ताशी ३७ किमीच्या हिशेबाने फिरत असेल. यालाच आपण चाक जागच्या जागी फिरतंय म्हणतो. ओढलेलं चाक मर्यादा ओलांडून घसरलं तर उलटं होतं. केंद्र पुढे निघून जातं आणि फिरणं मागे पडतं. समजा ७० न्यूटनने ओढलं, तर केंद्राचं त्वरण ९.२ आणि कडेचं फक्त ४.९. एका घसरण्यात चाक गाडीपेक्षा जास्त फिरतं, दुसऱ्यात कमी. घर्षणाची दिशा दोन्ही वेळा आधी होती तीच राहते, कारण जे सरकणं आधी टाळलं जात होतं तेच आता प्रत्यक्ष होत असतं.

आता तबकडी सोडून रस्त्यावरची बाइक घेऊ, कारण खऱ्या गाडीत हा फरक कितीतरी पटींनी मोठा होतो. गाडी आणि चालवणारा मिळून १८० किलो. दोन चाकांच्या ॲक्सलमधलं अंतर १.२५ मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.६ मीटर. उभ्या गाडीत ५५ टक्के भार मागच्या चाकावर, म्हणजे मागे ९७० आणि पुढे ७९४ न्यूटन. चाकाची त्रिज्या ०.३ मीटर, जडत्व आघूर्ण पुढच्या चाकाचं ०.४ आणि मागच्याचं ०.५. हे उदाहरणापुरते आकडे आहेत, पण १२५ सीसीच्या गाडीला शोभतील असे. गाडी २ मी/से² त्वरणाने वेग घेतेय असं धरू.

पुढच्या चाकावर मागे लागणारं घर्षण I a / R², म्हणजे ८.९ न्यूटन. एवढंच. मागच्या चाकावरचं घर्षण अख्ख्या गाडीचं त्वरण सांभाळून वर हे ८.९ ही भरून काढतं: ३६० अधिक ९, म्हणजे ३६९ न्यूटन पुढे. दोघांत चाळीस पटींहून अधिक फरक. वेग घेताना भार मागे सरकतो, तो 180 × 2 × 0.6 / 1.25 एवढा, म्हणजे १७३ न्यूटन. मागचा भार ११४३ झाला आणि पुढचा ६२१ उरला. मागच्या चाकाला न घसरण्यासाठी घर्षणांक ०.३२ हवा, पुढच्या चाकाला ०.०१४ पुरे. कोरड्या डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यावर टायरला ०.७ च्या आसपास मिळतो, म्हणून दोन्ही चाकं निर्धास्त. ओल्या काळ्या मातीच्या थरावर तो ०.२ च्या आसपास उतरला तर मागच्या चाकाची गरज मर्यादेबाहेर जाते. पुढच्या चाकाची गरज मर्यादेच्या दहाव्या हिश्श्याइतकीही नसते. चिखलात मागचंच चाक का फिरतं याचं कारण हे.

सहसा एक सल्ला मिळतो की रेस हळू दे. तो बरोबर आहे, पण किती हळू हे आकड्यांत पाहण्यासारखं आहे. घर्षणांक ०.२ असताना मागच्या चाकाला भारबदलासकट मिळू शकणारं घर्षण सुमारे २१५ न्यूटन. तेवढ्यात गाडी जेमतेम १.२ मी/से² त्वरण घेऊ शकते. मागच्या ॲक्सलवर टॉर्क सुमारे ६६ न्यूटन-मीटरपर्यंतच चालतो. पहिल्या गिअरमध्ये इंजिनपासून चाकापर्यंत एकूण घट तीस पट आणि वाटेतलं नुकसान १० टक्के धरलं, तर इंजिनचा टॉर्क अडीच न्यूटन-मीटरच्या वर गेला की चाक सुटलं. १२५ सीसीचं इंजिन दहा न्यूटन-मीटरच्या आसपास देतं. म्हणजे क्षमतेचा फक्त चौथा हिस्सा वापरायचा, आणि मनगटाची एवढीशी हालचाल नेमकी ठेवणं अवघड. दुसऱ्या गिअरमध्ये एकूण घट अठरा पट असेल तर तीच मर्यादा इंजिनच्या चार न्यूटन-मीटरवर येते, मनगटाला सवड वाढते. चिखलातून दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच अर्धवट धरून निघण्याचा फायदा इतकाच आहे. दुसऱ्या गिअरने पकड वाढत नाही.

पकड वाढवायची असेल तर मागच्या चाकावरचा भार वाढवावा लागतो. मागे साठ किलोचा माणूस बसला तर त्याचा बहुतेक भार मागच्या चाकावर येतो आणि ०.२ घर्षणांकावरही ३०० न्यूटनच्या वर घर्षण मिळू शकतं. मऊ, खोल चिखलात मात्र हा हिशेब पूर्ण पडत नाही, कारण तिथे पुढचं चाक घसरत नसलं तरी माती नांगरत पुढे जातं आणि त्याचा वेगळा विरोध मागच्या चाकाच्या अंगावर येतो. जड गाडी जास्त रुतते. म्हणून मागे बसवण्याचा उपाय वर चिकट थर आणि खाली टणक जमीन असेल तिथला. रुतलेल्या गाडीला तो घातक.

चाक एकदा सुटलं की रेस वाढवून काही मिळत नाही. घर्षण गतिज होतं, ते स्थितिकपेक्षा कमी असतं, आणि फिरणारं चाक खालची माती उपसून स्वतःसाठी खड्डा करतं. रेस सोडून कड आणि गाडी यांच्या वेगांतला फरक मिटू दिला तरच स्थितिक घर्षण परत येतं. बारीक बघायचं तर रबराच्या टायरला जास्तीत जास्त पकड अगदी शून्य घसरणीवर मिळत नाही. कोरड्या पक्क्या रस्त्यावर कड गाडीपेक्षा साधारण १० ते २० टक्के जास्त फिरत असताना ती कमाल असते आणि त्यापुढे उतरू लागते. आपल्या हिशेबात हा बारकावा वगळला तरी निष्कर्ष बदलत नाही.

आता एक शंका येईल. ठरावीक वेगाने जाताना त्वरण शून्य, मग I a / R² ही शून्य, म्हणजे पुढच्या चाकावर घर्षण काहीच नाही? आदर्श चाकाला खरंच नाही. खऱ्या टायरला असतं, पण त्याचं कारण वेगळं. टायर जमिनीशी दबतो आणि पुन्हा फुगतो, त्यात थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. त्यामुळे उभी प्रतिक्रिया ॲक्सलच्या नेमकी खाली न राहता किंचित पुढे सरकते आणि फिरण्याला अडवते. या लोटण-विरोधाचा गुणांक ०.०१५ धरला तर ते सरकणं फक्त साडेचार मिलिमीटर आहे. तेवढ्या अडवणुकीवर मात करून चाक फिरतं राहायला तळाशी ठरावीक वेगातही मागे लागणारं बल हवंच, ७९४ न्यूटन भारावर सुमारे १२ न्यूटन. बेअरिंगच्या विरोधाची भर त्याच दिशेने पडते. वेग घेताना हे आणि गिरकीसाठीचे ८.९ अशी बेरीज होते, तरी मर्यादेपासून ते लांबच असतं. उत्तरपत्रिकेत लोटण-विरोध आणि घसरण्याचं घर्षण यांची सरमिसळ करू नका. लोटण-विरोधाचा गुणांक μ च्या जागी घातला की सगळं उत्तर कोसळतं.

मग ओढलं जाणारं चाक घसरतं तरी कधी? नुसत्या वेग घेण्याने, व्यवहारात कधीच नाही. पुढच्या चाकावर ६०० न्यूटन भार आणि ०.२ घर्षणांक असला तरी ते घसरायला त्वरण २७ मी/से² लागेल, जवळजवळ तीन g. बाइक त्याच्या कितीतरी आधी पुढून उचलली जाईल. मोकळं चाक घसरतं ते कोणीतरी त्याच्या फिरण्याला अडवल्यावर: ब्रेक, ओढून बसलेलं ब्रेक शू, जाम झालेलं बेअरिंग. ६२१ न्यूटन भार असलेलं पुढचं चाक कोरड्या रस्त्यावर बंद पाडायला सुमारे १३० न्यूटन-मीटरची अडवणूक लागते, ०.२ च्या चिखलावर ३७ पुरते. म्हणून जो ब्रेक कोरड्या रस्त्यावर नुसता किंचित अडकल्यासारखा वाटतो तोच चिखलात चाक पुरतं थांबवू शकतो. मडगार्ड आणि टायर यांच्यात काळी माती ठासून भरली तरी हेच होतं, आणि विदर्भातल्या शेतरस्त्यांवर ते फार वेळा होतं. गाडी पुढे जात नाही म्हणून रेस वाढवण्याआधी पुढचं चाक फिरतंय का हे खाली वाकून पाहावं.

कोणतं चाक कसं घसरलं हे खुणांवरून ओळखता येतं. चालवलेलं चाक जागच्या जागी फिरलं असेल तर माती किंवा खडी मागे उडालेली असते आणि चाकामागे ढीग दिसतो. बंद पडलेलं ओढलं जाणारं चाक माती स्वतःपुढे लोटत नेतं, ढीग पुढे साचतो आणि मागे नक्षी नसलेला सपाट पट्टा उरतो. नीट फिरलेल्या टायरची नक्षी मात्र मातीत जशीच्या तशी उमटते. स्पीडोमीटर पुढच्या चाकावरून चालत असेल तर मागचं चाक कितीही फिरलं तरी काटा जागचा हलत नाही, फक्त इंजिनचा आवाज चढतो. मागच्या चाकावरून किंवा गिअरबॉक्सवरून चालत असेल तर गाडी रुतलेली असताना काटा ताशी तीस-चाळीस दाखवतो.

"मागच्या चाकावर घर्षण पुढे" हे वाक्यही सरसकट पाठ करू नका. ते टॉर्क चाकाला पुढे फिरवत असतानाच खरं आहे. रेस सोडली आणि गिअर पडलेला असला की इंजिन चाकाला मागे धरतं, टॉर्कची दिशा उलटते आणि घर्षणही मागे वळतं. ओल्या रस्त्यावर वेगात असताना दोन गिअर खाली टाकून क्लच एकदम सोडला तर मागचं चाक इंजिनच्या अडवणुकीनेच घसरतं, ब्रेकला हात न लावता. त्यात वेग कमी होताना भार पुढे सरकलेला असतो, म्हणून मागच्या चाकाची मर्यादा नेमक्या त्याच क्षणी आटलेली असते. क्लच दाबला किंवा गाडी न्यूट्रलमध्ये असली की मागचंही चाक ओढलं जाणारंच. बंद पडलेली बाइक दोरीने टो करताना दोन्ही चाकांवर घर्षण मागे असतं, २ मी/से² त्वरणाला पुढे ९ आणि मागे ११ न्यूटन. ज्या चिखलात ती स्वतःच्या जोरावर निघत नव्हती तिथून दोरीने सहज निघते, कारण ओढणाऱ्याने तिच्या मागच्या चाकाकडे पुढचं बल मागितलेलंच नसतं.

हाच हिशेब सर्वांत मोठ्या प्रमाणावर पाहायचा तर नागपुरात अजनीच्या इलेक्ट्रिक लोको शेडकडे पाहा. तिथली मालगाडी ओढणारी डब्ल्यूएजी-९ इंजिनं १२३ टन वजनाची, सहा ॲक्सलची, आणि सहाही ॲक्सल मोटरने चालणारे. निघताना सुमारे ४६० किलोन्यूटन ओढ देतात. १२३ टनांचं वजन १२०५ किलोन्यूटन, म्हणजे पूर्ण ओढ वापरायची तर रुळावर ०.३८ घर्षणांक हवा. स्वच्छ कोरड्या रुळावर तो जेमतेम मिळतो. ४००० टनांची गाडी २०० ला १ चढावर न्यायची असेल तर इंजिनाचं वजन धरून चढासाठी सुमारे २०२ आणि लोटण-विरोधाचा गुणांक ०.००२ धरून आणखी ८१, असे एकूण २८३ किलोन्यूटन लागतात. इंजिनच्या चाकांना घर्षणांक ०.२३ हवा. ओल्या, तेलकट रुळावर तो ०.१५ वर आला की इंजिनकडे पुरेशी शक्ती असूनही चाकं जागच्या जागी फिरतात. म्हणून वाळू सोडायची नळी चालवलेल्या चाकासमोर असते. इंजिनामागे चालणाऱ्या वॅगनच्या चाकांना तेवढ्याच रुळावर ०.००२ च्या आसपास गरज असते. पावसाने घर्षणांक निम्मा झाला काय आणि नाही काय, त्यांना फरक पडत नाही.

वॅगनची चाकं घसरतात ती बाइकच्या पुढच्या चाकासारखीच, ब्रेक चिकटून राहिल्यावर. बंद चाक रुळावरून फरफटत जातं आणि त्याची गोलाई एका जागी घासून सपाट होते. ब्रेक सुटल्यावर चाक पुन्हा फिरायला लागतं, पण दर फेरीला त्या सपाट जागेचा ठोका बसतो. सुमारे एक मीटर व्यासाचं चाक ताशी ६० किमीला सेकंदात पाच फेऱ्यांहून थोडं जास्त फिरतं, म्हणून ठोकेही तेवढेच. तेरा मीटरच्या रुळांच्या सांध्यांचा आवाज त्याच वेगाला सेकंदात एकदा-दीडदाच येतो. गाडी हळू झाली की दोन्ही आवाज मंदावतात, पण त्यांच्यातलं चौपटीचं प्रमाण तसंच राहतं, आणि सलग जोडलेल्या रुळांवर सांध्यांचा आवाज नाहीसा होऊनही सपाट चाकाचा ठोका चालूच असतो.